हेल्मेटच्या आतला वारा: नाशिक-सिन्नर रस्त्यावर रोज जाणाऱ्या कानांचं काय होतं

माळेगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमची वार्षिक श्रवणतपासणी चालू होती. मी कान तपासण्याचं काम करते, त्यामुळे वर्षातले बरेच दिवस सातपूर, अंबड नाहीतर सिन्नरच्या कारखान्यांत जातात. प्रेस शॉपमधल्या माणसांचे आलेख कसे येणार, याचा मला अंदाज असतो. त्या दिवशी मात्र गुणवत्ता विभागातला एक माणूस आला. वय 41, काम एसीच्या बंद खोलीत. तिथे मायक्रोमीटर आणि कागद, एवढंच. यंत्राचा आवाज दाराबाहेरच राहतो. तो स्वतःहून तपासणीला आला नव्हता, साहेबांनी पाठवलं होतं. सहकारी मापं वाचून दाखवायचा आणि हा लिहून घ्यायचा. गेल्या काही महिन्यांत त्याच्या कागदावर ‘सात’च्या जागी ‘आठ’ यायला लागले होते.

त्याचा आलेख असा होता. जाड, खर्जातले आवाज त्याला 15 डेसिबलला, म्हणजे अगदी हळू असतानाही ऐकू येत होते. 2000 हर्ट्झलाही ठीक होतं. 4000 हर्ट्झला मात्र रेघ एकदम 45 डेसिबलपर्यंत खाली गेली आणि 8000 ला परत वर, 25 वर आली. मध्येच पडलेल्या अशा खड्ड्याला आम्ही ‘नॉच’ म्हणतो. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा रेघ शेवटाकडे उतरत जाते, परत वर येत नाही. खड्डा पडून रेघ वर आली, की पहिला संशय मोठ्या आवाजाचा.

पण शांत खोलीत बसणाऱ्याला मोठा आवाज आला कुठून? नाशिकचा माणूस म्हटल्यावर मी आधी ढोल पथकाचं विचारलं. नव्हता. इअरफोन, डीजे, टीबीची इंजेक्शनं (काही जुन्या औषधांनी कान जातात), घरात कुणाला बहिरेपण, सगळ्याला ‘नाही’. मग विचारलं, कामावर येता कसे? “गाडीवर. जेल रोडहून. चौदा वर्षं झाली.” हेल्मेट घालता? “रोज, मॅडम. फुल फेस.” काच खाली असते? तो जरा थांबला. काचेवर चरे पडले होते, संध्याकाळी समोरच्या दिव्यांचा उजेड फाकायचा, म्हणून काच वरच असायची.

हा आवाज इंजिनाचा नव्हे

रस्त्यावरचा आवाज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर द्वारका चौक येतो. हॉर्न, रिक्षा, सिग्नल सुटताना ट्रकने मारलेली रेस. गावात ते खरंच आहे. पण बिटकोवरून पुढे शिंदे-पळसे गाठलं, गाडी साठ-पासष्टच्या वर गेली, की मोटारसायकलवाल्याच्या कानातला सर्वांत मोठा आवाज ना हॉर्नचा असतो ना इंजिनाचा. तो वाऱ्याचा असतो, आणि तो गाडीचालक स्वतःच्या वेगाने तयार करतो.

तो तयार होतो हेल्मेटच्या खालच्या काठाशी. समोरून सरळ येणारी हवा हनुवटीच्या पट्टीवर आणि मानेजवळच्या कडेवर आपटते, तिथे तिचे भोवरे होतात आणि त्यांची घरघर खालच्या उघड्या बाजूने थेट कानापर्यंत जाते. हेल्मेट डोकं वाचवण्यासाठी बनवलेलं असतं. त्याचं आतलं थर्माकोल आपटल्यावर चेपावं म्हणून असतं, आवाज अडवण्यासाठी नव्हे. मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटमध्ये, कानाजवळ माइक लावून परदेशात जी मोजमापं झाली, त्यांत ताशी 60 किलोमीटरला साधारण 90 डेसिबल आणि 160 ला 110 डेसिबल आढळले. हेल्मेट, गाडी, चालवणाऱ्याची उंची यांप्रमाणे आकडा मागेपुढे होतो, पण चढ असाच असतो. वेग दुप्पट झाला की आवाज साधारण 14 डेसिबलने वाढतो.

हे 14 डेसिबल म्हणजे किती, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डेसिबलचा हिशेब किलोमीटरसारखा सरळ नाही. दर 3 डेसिबलला कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून कानाचा रोजचा कोटा ठरवताना नियम असा धरतात: 85 डेसिबल आठ तास चालेल, 88 चार तास, 91 दोन तास, 94 एक तास, 97 अर्धा तास, 100 फक्त पंधरा मिनिटं. हा अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा, एनआयओएसएचचा हिशेब. आपल्याकडचा कारखान्यांचा नियम आठ तासांना 90 डेसिबलपर्यंत सूट देतो, पण कान वाचवायचे तर मी 85 चाच धरते.

सात मिनिटांची किंमत

आता त्या माणसाचा रस्ता घेऊ. जेल रोडहून गावातून बाहेर पडेपर्यंत वेग कमी, ते सोडून देऊ. पुढचा मोकळा पट्टा माळेगावपर्यंत साधारण 17 किलोमीटरचा धरू. मोहदरी घाटात वेग कमी होतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून एकच वेग घेते.

ताशी 65 ने हे अंतर पावणेसोळा मिनिटांत होतं. जाऊन-येऊन साडेएकतीस मिनिटं. काच बंद असेल तर हेल्मेटमध्ये 91 डेसिबलच्या आसपास. 91 ला दोन तासांचा कोटा, त्यातली अर्ध्या तासाहून थोडी जास्त मिनिटं गेली, म्हणजे दिवसाच्या कोट्यातला चौथा हिस्सा. एवढं कान सोसतील, पण दिवसभर बाकी शांतता असेल तर.

तोच रस्ता ताशी 85 ने. जायला बारा मिनिटं, जाऊन-येऊन चोवीस. वेळ वाचला सातेक मिनिटांचा. पण आवाज गेला 97 वर आणि तिथे कोटा आहे फक्त तीस मिनिटांचा. म्हणजे त्या चोवीस मिनिटांत दिवसाचा ऐंशी टक्के कोटा संपला. रस्त्यावर कमी वेळ राहूनही कानावरचा भार तिप्पट झाला. हा आकडा मी गाडीवर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण तो कुणालाच खरा वाटत नाही. लोकांना वाटतं, लवकर पोचलो म्हणजे कमी आवाज ऐकला.

वर त्याची काच उघडी. वारा थेट आत घुसतो, आणखी काही डेसिबल चढतात आणि एकट्या प्रवासातच दिवसाचा कोटा पार होतो. त्याचं काम तरी शांत खोलीतलं होतं. 85 डेसिबलच्या मशीन शॉपमध्ये आठ तास काढून कुणी असंच घरी जात असेल, तर त्याचा कोटा सुट्टीच्या भोंग्यापर्यंतच संपलेला असतो आणि घरचा रस्ता सगळा उधारीवर. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते हे पाहून, की ही माणसं पंचिंग करताना कानातले इअर प्लग काढून खिशात टाकतात आणि मग गाडीला किक मारतात.

कानात नेमकं काय बिघडतं

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात अतिशय बारीक केसांच्या पेशी रांगेने उभ्या असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाज आला की नळीतला द्रव हलतो, केस वाकतात आणि मेंदूकडे निरोप जातो. शेतातून वारा गेला की गहू वाकतो आणि पुन्हा उभा राहतो, तसं. पण रोज जोराचा वारा लागला तर काही ताटं आडवी होतात ती उठत नाहीत. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात. माणसात नाही. त्यामुळे यावर औषध नाही, थेंब नाहीत, ऑपरेशन नाही.

मार बसतो तो आधी 4000 हर्ट्झच्या आसपासच्या पेशींना. कानाच्या भोकाची लांबी अशी असते की 3000 च्या जवळपासचे आवाज त्यात आपोआप मोठे होतात, आणि नुकसान दिसतं ते त्याच्या थोडं वर. वाऱ्याची घरघर खर्जातली असली तरी खड्डा पडतो तो मात्र वरच्या पट्टीत.

आणि या वरच्या पट्टीतच आपल्या भाषेतले नाजूक आवाज असतात. अ, आ, ओ हे स्वर खालचे, जाड. स, श, थ, फ, ख यांची फुंकर वरची, पातळ. त्यामुळे अशा माणसाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. ‘सात’मधला स गेला की उरतं ‘आत’, आणि आकड्यांच्या यादीत ‘आत’ कानावर पडलं की मेंदू त्याचं ‘आठ’ करून टाकतो. आपण चुकीचं ऐकलं हे त्या माणसाला कळतच नाही, कारण त्याच्या दृष्टीने आवाज तर पुरेसा मोठा होता. घरात हीच माणसं म्हणतात, “तुम्ही सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता.”

त्याच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट केली. पहिली तपासणी तो गाडीवरून उतरल्यावर लगेच झाली होती. सोमवारी त्याला कंपनीच्या बसने यायला सांगितलं, रविवारी गाडी बंद ठेवायला सांगितली आणि पुन्हा आलेख काढला. 4000 ला 45 होते, ते आता 35 आले. पाच डेसिबलचा फरक कुणाच्याही तपासणीत इकडेतिकडे पडतो, दहाचा सहसा पडत नाही. म्हणजे दहा डेसिबल हा त्या सकाळच्या प्रवासाचा तात्पुरता थकवा होता आणि उरलेला खड्डा कायमचा. एका आलेखावरून ‘हे वाऱ्यानेच झालं’ असं छातीठोक सांगता येत नाही, आणि तसं मी त्यालाही सांगितलं नाही. पण गाडीवरून उतरल्यावर रोज कान थकत असतील, तर तो थकवा हळूहळू मुरतो.

हा थकवा यंत्राशिवायही ओळखता येतो. गाडीवरून उतरल्यावर कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, समोरच्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात बारीक शिट्टी किंवा रातकिड्यासारखी किरकिर चालू राहते. रात्री टीव्हीचा आवाज ज्या आकड्यावर ठेवला, तोच सकाळी उठल्यावर फार मोठा वाटला, तर संध्याकाळी कान थकलेले होते.

फोनवर डेसिबल मोजायची ॲप्स मिळतात. बसमध्ये किंवा रिक्षात बसून ती ठीक अंदाज देतात. चालत्या मोटारसायकलवर मात्र त्यांचा काही उपयोग नाही. वारा थेट माइकवर आपटतो आणि ॲप भलताच आकडा दाखवतं.

कापसाचा बोळा आणि फोमचा प्लग

थंडीत नाशिक-निफाड पट्ट्यात कानात कापूस घालून गाडी चालवणारे पुष्कळ दिसतात. वर मफलर किंवा कानटोपी. गार वारा लागून कान दुखतो त्यावर कापूस बरा, पण आवाज तो जवळजवळ अडवतच नाही. कापसाच्या तंतूंमधून हवा जाते, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो.

कामाचा असतो तो फोमचा इअर प्लग. कारखान्याच्या स्टोअरमध्ये मिळतो, सेफ्टी शूज आणि हातमोजे विकणाऱ्या दुकानांतही थोड्या रुपयांत जोडी मिळते. पाकिटावर 33 वगैरे आकडा लिहिलेला असतो. तो प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळतो असं धरा, म्हणजे पंधरा-सोळा डेसिबल. 97 चे झाले 82, आणि 82 ला दिवसाचा कोटा सोळा तासांचा आहे. चोवीस मिनिटांचा प्रश्नच मिटला. पण तो नीट घातला तर. मी तपासलेल्या दहांतल्या बऱ्याच जणांच्या कानात तो बुचासारखा नुसता तोंडावर टेकवलेला असतो.

घालायची पद्धत अशी. हात आधी धुवा, कूलंट आणि तेलाचा हात कानात नको. प्लग बोटांमध्ये गोल गोल फिरवत उदबत्तीच्या काडीइतका बारीक करा, घडी पडू देऊ नका. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून मागे नेऊन उजव्या कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढा. कानाचा मार्ग वाकडा असतो, तो असा सरळ होतो. मग प्लग आत सारा आणि बोटाचं टोक त्यावर ठेवून तीसपर्यंत मोजा. या तीस सेकंदांतच सगळे घाई करतात. फोम हळूहळू फुगतो, बोट लवकर काढलं की तो स्वतःला बाहेर ढकलतो.

बसला की नाही हे बघायला दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमत असेल तर बसला. हेल्मेट घालताना दोन्ही पट्टे बाहेर ताणून धरा, नाहीतर कडेला लागून प्लग अर्धा बाहेर येतो. काढताना पिळत, हळू काढा. मळला की टाकून द्या.

“मग मागचा हॉर्न कसा ऐकू येणार?” हा प्रश्न मला दरवेळी विचारतात आणि तो योग्यच आहे. हायवेच्या वेगात प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली आणतो. हॉर्न वाऱ्याच्या जितका वर होता तितकाच वर राहतो, आणि 97 डेसिबलच्या गदारोळात गांगरलेल्या कानाला तो उलट स्पष्ट कळतो. गावात मात्र गोष्ट वेगळी. भद्रकालीच्या गल्लीत ताशी 20 ने जाताना वाऱ्याचा आवाज नसतोच, तिथे प्लगमुळे मागून येणारी ई-रिक्षा ऐकू येणार नाही. म्हणून मी सांगते, प्लग मोकळ्या रस्त्यासाठी. सिन्नर, ओझर, इगतपुरी बाजूला जाणाऱ्याने गाव संपलं की बाजूला थांबून घालावा आणि परत गावात शिरताना काढावा. आधीच कमी ऐकू येणाऱ्याने मात्र तपासणी करून, विचारूनच वापरावा. त्याला प्लगमुळे सगळंच ऐकू येईनासं होऊ शकतं. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर अजिबात घालू नये.

इअरफोन लावणं म्हणजे प्लग नव्हे. वाऱ्यावरून गाणं ऐकू यायचं तर गाणं वाऱ्याहून मोठं लावावं लागतं.

प्लगच्या आधी करायच्या दोन गोष्टी आहेत. एक, चरे पडलेली काच बदलून घेणं. हेल्मेट चांगलं असेल तर नुसती काच मिळते आणि ती खाली राहते. दुसरी, मानेची फट बुजवणं. आपल्याकडे बायका स्कूटीवर हेल्मेटखाली स्कार्फ घट्ट गुंडाळतात, तो धुळीसाठी असला तरी खालून येणारा आवाजही थोडा अडवतो. पुरुषांनी मफलर तसाच हनुवटीखाली भरून घेतला तर फरक कळतो. टोकं मात्र जॅकेटच्या आत खोचा, चाकात अडकलेल्या ओढण्यांच्या बातम्या आपण वाचतोच. पुढच्या दिव्यावर लावायची छोटी काच घेण्याआधी मात्र विचार करा. तिच्या वरच्या कडेवरून तुटलेली हवा नेमकी हेल्मेटवर आपटत असेल, तर आवाज कमी होण्याऐवजी वाढतो.

रिक्षा आणि बस

रिक्षात आणि बसमध्ये वाऱ्याचा हा प्रश्न फारसा नाही, वेगच तेवढा नसतो. शेअर रिक्षात वीस मिनिटं बसणाऱ्याच्या कानाला त्या आवाजाने कायमचा धोका होण्याची शक्यता कमी. रिक्षा चालवणाऱ्याचं वेगळं आहे. इंजिन मागे, दोन्ही बाजू उघड्या, शेजारी बसचा हॉर्न, आणि हे दहा-दहा तास, आठवड्याचे सहा-सात दिवस. जागतिक आरोग्य संघटना 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही मर्यादा धरते. साठ-सत्तर तास गाडीवर बसणाऱ्याची ती 80 लाही ओलांडली जाते. त्याने गर्दीत प्लग घालावा असं मी म्हणणार नाही, प्रवाशाचं ऐकावं लागतं. पण सायलेन्सरची फुटलेली जाळी आणि थरथरणारे सैल पत्रे दुरुस्त करून घेणं, स्टँडवर इंजिन बंद करणं आणि वर्षातून एकदा 4000 हर्ट्झसकट श्रवणतपासणी, एवढं त्याच्या हातात आहे.

सिटीलिंकच्या किंवा एसटीच्या प्रवाशाला बसपेक्षा धोका आहे तो त्याच्या इअरफोनचा. खिडक्या खडखडत असतात, इंजिन घुमत असतं, त्यावर गाणं चढवायला माणूस आवाज वाढवत जातो आणि उतरल्यावर तो कमी करायला विसरतो. घरी शांत खोलीत फोनचा आवाज किती आकड्यावर पुरतो ते बघून ठेवा, आणि बसमध्ये त्याच्या फार वर जावं लागत असेल तर कानात घट्ट बसणारे, रबरी टोपीचे इअरफोन घ्या. बाहेरचा आवाज तेच अडवतात, मग गाणं वाढवावं लागत नाही.

आणि एका कानाने अचानक, दिवस-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर ते वाऱ्याने किंवा मळाने झालं असेल म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. त्या आजारात उपचाराचे पहिले काही दिवसच हातात असतात.

माळेगावचा तो माणूस आठ महिन्यांनी पुन्हा भेटला. काच बदलली होती, वेग पासष्टवर आणला होता, प्लगची डबी किल्लीच्या जुडग्याला लावली होती आणि शिंदेच्या टोलनाक्याच्या अलीकडे थांबून तो ते घालायचा. गाडीवरून उतरल्यावर लगेच आलेख काढला. 4000 ला 35. म्हणजे सकाळचा थकवा गेला होता आणि कायमचा खड्डा होता तेवढाच होता. मापं लिहून घेताना आता सहकाऱ्याला ‘सात’ म्हणताना सात बोटं दाखवायला सांगतो, म्हणाला.